दोन कॉन्डाइल, तीन एक्स्पोजर

एक्स-रे विभागात कामाला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. त्या दिवशी एका आजींच्या गुडघ्याच्या लॅटरलसाठी, म्हणजे बाजूने घ्यायच्या एक्स-रेसाठी, तीन एक्स्पोजर द्यावी लागली. पहिलं माझं चुकलं, दुसरं त्याहून जास्त चुकलं. तिसरं बरोबर आलं, पण ते आमच्या सीनियर मॅडमनी घेतलं होतं. चूक कुणाचीही होते, पण दुसऱ्या फिल्मचं अजून वाईट वाटतं, कारण ती काढताना मी सुधारणा करतेय अशी माझी पक्की समजूत होती.

आजींना जुना संधिवात होता. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधली जागा किती उरलीय, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. मी त्यांना उजव्या कुशीवर झोपवलं, कारण उजवा गुडघा दुखत होता. गुडघा थोडा वाकवला, डावा पाय मागे ठेवला आणि किरण सोडणारी ट्यूब सरळ खाली रोखली. किरण कुठवर पडणार ते दाखवणारा दिवा चांगला ऐसपैस उघडला आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर मांडीच्या हाडाच्या टोकाला दोन गोलाया दिसल्या, एकमेकींपासून सुटलेल्या. या गोलाया म्हणजे कॉन्डाइल, एक गुडघ्याच्या आतल्या बाजूचा आणि एक बाहेरच्या. खऱ्या लॅटरलमध्ये दोन्ही कॉन्डाइल एकावर एक बसतात आणि एकच रेघ दिसते. इथे एक गोलाई दुसरीच्या मागे साधारण ८ मिलिमीटर होती आणि पावलाच्या दिशेला ६ मिलिमीटर खाली उतरलेली होती. वाटीच्या मागची फट बुजली होती. म्हणजे डॉक्टरांना जे हवं होतं नेमकं तेच दिसत नव्हतं.

मी काय विचार केला तेही सांगते, कारण नवीन माणसाची चूक बहुतेक वेळा इथेच होते. मला आठवलं की फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, बाहेरच्या बाजूला आणि मागे असते. म्हणून जी गोलाई मागे दिसतेय ती बाहेरच्या कॉन्डाइलची, असं मी ठरवून टाकलं. बाहेरचा मागे म्हणजे आतला पुढे, म्हणजे गुडघा पुढे जास्त लोळलाय. मग मी आजींचा गुडघा थोडा मागे लोळवला आणि वाटी वर आणली. दुसऱ्या फिल्मवर ते ८ मिलिमीटरचं अंतर जवळजवळ दुप्पट झालं. आजी म्हणाल्या, "झालं का गं बाई? कूस दुखायला लागली." मी "एकच राहिलाय आजी" म्हणाले. एवढ्यात मॅडम आल्या, नाहीतर तो एकच खरंच एक राहिला असता का, कोण जाणे.

मॅडमनी आजींकडे नाही, आधी स्क्रीनकडे बघितलं. मला विचारलं, "यातला आतला कॉन्डाइल कोणता?" मी माझा फिब्युलाचा सिद्धांत सांगितला. त्या म्हणाल्या, "अंदाज सांगू नकोस, खूण दाखव."

खुणा त्यांनीच दाखवल्या. आतल्या कॉन्डाइलच्या मागच्या वरच्या कडेवर एक छोटासा खडबडीत उंचवटा असतो, ऍडक्टर ट्युबरकल. बाहेरच्या कॉन्डाइलच्या खालच्या गोलाईवर मधोमध एक उथळ खाच असते. आतल्या कॉन्डाइलची गोलाई सलग आणि जास्त भरीव असते. तो उंचवटा माझ्या फिल्मवर स्वच्छ दिसत होता आणि मागच्या गोलाईवरच होता. म्हणजे मागे पडलेला कॉन्डाइल आतला होता. फिब्युलाचं डोकं नडगीच्या हाडामागे बरंचसं लपलं होतं, तेही हेच सांगत होतं. गुडघा पुढे जास्त लोळला की फिब्युला नडगीपासून सुटून मोकळी दिसते, आणि कमी लोळला की नडगी तिला झाकते. दोन्ही खुणा पहिल्याच फिल्मवर होत्या. मी न बघता हात चालवला होता.

कुशीवर झोपल्यावर दुखरा पाय खाली असतो, म्हणून आतला कॉन्डाइल वर येतो. गुडघा पुढे लोळवला की वरचा भाग पुढे सरकतो. एवढं चित्र डोळ्यासमोर आणलं की नियम पाठ करावा लागत नाही. आतला मागे दिसला तर गुडघा पुढे लोळवायचा, म्हणजे वाटी टेबलाकडे न्यायची. आतला पुढे दिसला तर उलट.

किती लोळवायचं, हा पुढचा प्रश्न. मॅडम हाताच्या अंदाजानेच करायच्या. मी नंतर कागदावर हिशोब मांडला आणि तो मला अजून उपयोगी पडतो. दोन्ही कॉन्डाइलच्या मध्यांमधलं अंतर मोठ्या माणसात ढोबळमानाने ५ सेंटीमीटर धरलं, तर दर ५ डिग्रीला एक गोलाई दुसरीवरून साधारण ४ मिलिमीटर सरकते. आजींचं अंतर ८ मिलिमीटर होतं, म्हणजे १० डिग्री. गुडघ्यावर १० डिग्री म्हणजे वाटी जेमतेम एक सेंटीमीटर टेबलाकडे जाणं. मी पूर्वी एक बोट हलवायच्या जागी चार बोटं हलवायचे आणि मग दुसऱ्या बाजूला चुकायचे. सुधारणेची दिशा बरोबर असूनही रिपीट फसतो, तो बऱ्याचदा या अतिउत्साहामुळे.

दुसरी चूक म्हणजे ते खाली उतरलेले ६ मिलिमीटर. त्याचा लोळण्याशी काही संबंध नाही. मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे येताना आत झुकतं. उभं राहिल्यावर दोन्ही कॉन्डाइल एका पातळीत येतात, कारण हाडाचा दांडा तिरका असतो. कुशीवर झोपल्यावर तोच दांडा टेबलाला समांतर होतो आणि आतला कॉन्डाइल पावलाकडे थोडा उतरतो. म्हणून ट्यूबला डोक्याकडे ५ ते ७ डिग्री कोन द्यायचा. किरण डोक्याच्या दिशेने तिरका गेला की चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरपासून लांब असलेला आतला कॉन्डाइल चित्रात वर सरकतो आणि बाहेरच्यावर बसतो. बुटक्या आणि रुंद खुब्याच्या माणसाला ७ ते १० डिग्री लागतात, उंच आणि अरुंद खुब्याच्या माणसाला ५ पुरतात. मी दोन्ही वेळा शून्यावर घेतलं होतं. कोन चुकून पावलाकडे दिला तर अंतर कमी होत नाही, वाढतं. हेही मी पुढे एकदा करून बघितलंय, मुद्दाम नाही.

मग मॅडम आजींकडे वळल्या. त्यांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. मागे ठेवलेला डावा पाय उचलून पुढे आणला आणि त्याच्या गुडघ्याखाली जाड उशी सरकवली. डावा पाय मागे असल्यामुळे त्याच्या वजनाने कंबर मागे ओढली जात होती आणि कंबरेबरोबर दुखरा गुडघाही. पाय पुढे आला तशी कंबर पुढे आली आणि गुडघा आपोआप लोळला. उशी नसती तर हाच पाय पुढे लोंबकळून कंबर जास्त पुढे नेतो आणि चूक उलट बाजूला जाते. गुडघा नुसता हाताने वळवला की पेशंट दोन सेकंदांत पुन्हा आपल्या सोयीच्या जागी येतो, आणि आपण तोपर्यंत पडद्यामागे गेलेलो असतो.

मग त्यांनी अंगठा आणि मधलं बोट गुडघ्याच्या दोन बाजूंच्या हाडांवर ठेवलं, एक वर आणि एक टेबलाच्या बाजूला. वरून बघून म्हणाल्या, "ही दोन बोटं एकाखाली एक आली की कॉन्डाइल एकाखाली एक." ही दोन सेकंदांची गोष्ट आहे. वाटीकडे बघून ठरवायला जाल तर फसाल. संधिवाताच्या गुडघ्यात वाटी कधी कधी बाजूला सरकलेली असते आणि ती टेबलाला काटकोनात दिसली तरी हाड फिरलेलं असतं.

गुडघा किती वाकवायचा यावर त्या आग्रही होत्या, २० ते ३० डिग्री, त्याहून जास्त नाही. जास्त वाकवला की मांडीचा स्नायू ताणला जातो, वाटी खोबणीत घट्ट दाबली जाते आणि वाटीवरच्या पिशवीत पाणी असेल तर ते दिसेनासं होतं. वाटीला फ्रॅक्चर असल्याची शंका असेल तर १० डिग्रीच्या पुढे जायचं नाही, तुकडे लांब होऊ शकतात. ट्यूब ७ डिग्री डोक्याकडे, मध्य आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याखाली अडीच सेंटीमीटर. तिसऱ्या फिल्मवर दोन रेघांमध्ये जेमतेम एखादा मिलिमीटर उरला आणि वाटीमागची फट उघडी दिसली.

आता दिव्याबद्दल, म्हणजे कॉलिमेशनबद्दल. मी दुसऱ्या एक्स्पोजरला दिवा पहिल्यापेक्षाही मोठा उघडला होता, काही सुटू नये म्हणून. पोझिशनबद्दल खात्री नसली की हात आपोआप कॉलिमेटरच्या नॉबकडे जातो, मोठं घेऊ, नंतर कापू. मॅडमनी ते कापलेलं चित्र बघून एकच विचारलं, "जेवढं कापलंस, तेवढं आजींच्या अंगातून गेलं की नाही?" क्रॉप केल्याने चित्र लहान होतं, डोस नाही. शिवाय जे उघडं राहतं तिथून विखुरलेला किरण चित्रावर धुरकट थर चढवतो आणि वाटीमागची ती बारीक फट आणखी फिकट होते. जेवढ्यावर एक्स्पोजर दिलं तेवढं सगळं रिपोर्ट करणाऱ्याला दिसायला हवं, म्हणून कापून लपवणं हा तसाही चांगला रिवाज नाही.

पण दिवा एवढा मोठा उघडण्यामागे मला एक खरं कारणही सापडलं आणि ते कुणी शिकवलं नव्हतं. ट्यूब डिटेक्टरपासून १०० सेंटीमीटरवर असते. डिटेक्टर टेबलाच्या पाट्याखाली, त्यावर पाटा, त्यावर गुडघा. आमच्या टेबलावर गुडघ्याची वरची कातडी डिटेक्टरपासून अंदाजे २० सेंटीमीटर वर यायची, म्हणजे ट्यूबपासून ८० वर. किरण पसरत खाली जातो, त्यामुळे डिटेक्टरवर २४ सेंटीमीटर पडणारी चौकट कातडीवर फक्त १९ सेंटीमीटरची दिसते. नवीन माणूस कातडीवरचा दिवा बघतो, तो छोटा वाटतो, म्हणून २४ होईपर्यंत उघडत जातो. तेव्हा डिटेक्टरवर प्रत्यक्षात ३० पडलेले असतात. रुंदीही त्याच प्रमाणात वाढवली तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. मी आता कॉलिमेटरवरचा आकडा बघते आणि कातडीवरच्या लहान चौकटीची भीती बाळगत नाही. गुडघ्याला १८ बाय २४ पुरतं, म्हणजे ४३२ चौरस सेंटीमीटर. ३५ बाय ४३ चा अख्खा डिटेक्टर उघडा ठेवला तर १५०५, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट. तो जास्तीचा भाग नुसता हवेत जात नाही, बहुतेक वेळा मांडीवर आणि दुसऱ्या पायावर पडतो.

हे कळल्यावर मी काही दिवस उलट्या टोकाला गेले. दिवा इतका घट्ट लावायला लागले की एकदा फिब्युलाच्या डोक्याची मागची कड कापली गेली आणि रिपीट घ्यावा लागला. मी हादरले, कारण दिव्यात तर ती कड आत दिसत होती. मॅडमनी एका रिकाम्या दुपारी डिटेक्टरवर दिव्याच्या चारही कडांना नाणी लावून एक एक्स्पोजर घ्यायला सांगितलं. तीन बाजूंची नाणी जागेवर होती. चौथ्या बाजूचा किरण दिव्याच्या आत सेंटीमीटरभर सरकलेला होता. नियमानुसार दिवा आणि किरण यांच्यात ट्यूबच्या अंतराच्या २ टक्के फरक चालतो, म्हणजे १०० सेंटीमीटरवर २ सेंटीमीटर. मशीन नियमात होतं, तरी माझी कड कापली गेली. तेव्हापासून मी हाडाच्या कडेपासून दीड सेंटीमीटर आणि आमच्या त्या बाजूला दोन, एवढी मोकळीक ठेवते. दिवा लहान करणं चांगलं, पण रिपीट झाला तर त्या लहानपणाचा सगळा फायदा एका बटणात जातो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गुडघ्याचा डोस फार लहान असतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या तपासणीचा सरासरी डोस ०.००५ मिलिसिव्हर्ट सांगतात आणि कंबरेच्या मणक्याच्या तपासणीचा १.५, म्हणजे तीनशेपट. आजींना त्या जास्तीच्या दोन फिल्मने काही झालं असेल असं मला वाटत नाही. त्यांची कूस दुखली, ते खरं. पण हात तोच असतो. गुडघ्याला सैल दिवा लावणारा हात कंबरेच्या लॅटरललाही सैलच लावतो, आणि न वाचता रिपीट घेणारा माणूस तिथेही न वाचताच घेतो.

सहा-सात महिन्यांनी एक मुलगा आला, गाडीवरून पडलेला, गुडघा सुजलेला. त्याला कुशीवर लोळवायचा प्रश्नच नव्हता. पाठीवर झोपवूनच लॅटरल घ्यायचा होता, किरण आडवा. डिटेक्टर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा आणि ट्यूब बाहेरच्या बाजूने. गुडघ्याखाली पातळ पॅड सरकवायला दोघांनी पाय नुसता उचलून धरला, फिरवला नाही.

दिवा लावताना मी थांबले. माझी १८ बाय २४ ची सवय इथे घातक ठरली असती. हाडाच्या टोकाला सांध्यापर्यंत जाणारं फ्रॅक्चर असेल, तर मज्जेतली चरबी आणि रक्त सांध्यात उतरतं आणि वाटीच्या वरच्या पिशवीत चरबी तरंगते. आडव्या किरणात ती सरळ आडव्या रेघेसारखी दिसते. कधी कधी फ्रॅक्चरची रेघ दिसतच नाही, फक्त ही पातळी दिसते. म्हणून मी चौकट वर चार बोटं वाढवली, मागची बाजू मात्र कातडीपाशी आवळली. मुलाला काही मिनिटं तसंच निवांत पडू दिलं, कारण पाय हलवल्या हलवल्या पातळी स्थिरावत नाही.

चित्र आलं. दोन गोलाया सुटलेल्या, साधारण ६ मिलिमीटर, आणि पुढची गोलाई लहान. माझ्या डोक्यात आधी आलं ते हे की आतला कॉन्डाइल मोठा दिसतो, म्हणून मोठा तो आतला आणि तो मागे पडलाय. पण मोठा का दिसतो? डिटेक्टरपासून लांब असतो म्हणून. इथे डिटेक्टर आतल्या बाजूला होता, म्हणजे लांबचा कॉन्डाइल बाहेरचा. आकारावरून ठरवणारी खूण या पोझिशनला उलटी होते. ऍडक्टर ट्युबरकल शोधला, तो पुढच्या, लहान गोलाईवर सापडला. मग सगळं जुळलं. पडलेल्या माणसाचं पाऊल बाहेर कलतं, त्यामुळे आतला कॉन्डाइल पुढे आणि बाहेरचा मागे.

शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलीने विचारलं, "ताई, पाय थोडा आत वळवून परत घ्यायचा का?" तिला कोन देण्याचीही आठवण झाली, ट्यूब खाली नेऊन वर बघायला लावली तर ६ मिलिमीटर जुळतील. हिशोब बरोबर होता, सात डिग्री पुरले असते. पण किरण आडवा राहिला नाही की चरबीची ती रेघ पुसट होते, आणि पाय वळवणं तर नकोच. पिशवीत वर काळसर आणि खाली पांढरट असे दोन थर होते, मध्ये पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ. मी रेडिओलॉजिस्टना फोन लावला, कॉन्डाइल सुटलेत पण पातळी दिसतेय असं सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे, रिपीट नको. पुढचं सीटीवर बघू."

मी तो लॅटरल तसाच पाठवला आणि एपीसाठी, म्हणजे समोरून घ्यायच्या चित्रासाठी, डिटेक्टर गुडघ्याखाली सरकवायला घेतला.